तासाला दीडशे, मग महिन्याला किती?

दुचाकीच्या कर्जाच्या अर्जावर दोन रकाने असतात, मासिक उत्पन्न आणि वार्षिक उत्पन्न. महिन्याचा पगार ठरलेला माणूस ते उभ्या उभ्या भरतो. रोजावर जाणाराही भरतो, कारण रोज गुणिले दिवस हा हिशेब मराठवाड्यात पोराटोरांनाही येतो. अडतो तो तासावर काम करणारा, आणि त्यातही ज्याचा एक आठवडा दुसऱ्यासारखा नसतो तो. दर विचारला तर चटकन सांगतो. महिन्याला किती पडतात म्हटलं, की "आता असंय की..." अशी सुरुवात होते.

माझा भाचा लातुरात अशाच कामावर आहे. एम.एस्सी. झालाय, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास चालू आहे, आणि दुपारनंतर एका खासगी क्लासच्या डाउट काउंटरवर बसतो. नीटची तयारी करणारी पोरं जीवशास्त्राच्या शंका घेऊन येतात, हा सोडवून देतो. तासाला १५० रुपये. बॅच चालू असली की तास भरतात, बंद असली की काही नाही. खाड्याचे पैसे नाहीत, सणाचे नाहीत, उन्हाळ्याचे तर नाहीतच.

अर्ज घेऊन आला तेव्हा हिशेब त्याने स्वतःच करून आणला होता. "आठवड्याला वीस तास होतेत की मामा. वीस गुणिले दीडशे, तीन हजार. चार आठवडे, बारा हजार. वर्षाचे एक लाख चव्वेचाळीस."

मी हिशेब लिहिण्याचीच कामं करतो, त्यामुळे असे आकडे माझ्यासमोर नेहमी येतात. या गुणाकारात दर पक्का आहे. बाकीचे दोन आकडे, वीस आणि चार, हवेतून घेतलेले आहेत. गंमत म्हणजे एक खऱ्यापेक्षा जास्त आहे आणि दुसरा कमी. त्यामुळे दोन्ही चुका एकमेकींना थोड्या झाकतात आणि उत्तर बघणाऱ्याला खरंच वाटून जातं.

आधी 'चार'चं बघू, कारण ते सोपं आहे. चार आठवडे म्हणजे २८ दिवस. लीप वर्ष सोडलं तर फेब्रुवारीच तेवढा असतो, बाकी सगळे महिने त्याहून मोठे. महिन्याला चार आठवडे धरले की वर्षाचे ४८ होतात, पण वर्षात आठवडे असतात ५२. उरलेल्या चार आठवड्यांचं काम तर तुम्ही केलेलं असतं, फक्त हिशेबातून ते गळतं. म्हणून आठवड्याच्या रकमेला आधी ५२ ने गुणायचं आणि मग १२ ने भागायचं. थेट महिन्याचा आकडा हवा असेल तर ४.३३ ने गुणलं तरी चालतं, ते त्याच भागाकाराचं उत्तर आहे. आठवड्याला १५ तास भरत असतील तर चारने गुणून महिन्याचे ९,००० येतात आणि बरोबर पद्धतीने ९,७५०. महिन्यामागे साडेसातशे, वर्षामागे नऊ हजार. वर्ष नेमकं ५२ आठवड्यांचं नसतं, एक दिवस वर उरतो, हे खरं आहे. पण ज्याचे आठवडेच शून्य ते पंचवीस तासांत हेलकावतात, त्याने त्या एका दिवसासाठी डोकं खपवू नये.

जाता जाता, कारखान्यात २६ दिवस गुणिले ८ तास म्हणजे २०८ तास असा महिन्याचा हिशेब धरतात. तो पूर्णवेळ कामगारासाठी ठीक आहे. अर्धवेळवाल्याने त्याच्या वाटेला जाऊ नये. दीडशेला २०८ ने गुणलं तर ३१,२०० येतात, आणि नोकरीच्या जाहिरातीत 'महिना तीस हजारांपर्यंत' असं छापून येतं ते बऱ्याचदा याच गुणाकारातून. त्यातला 'पर्यंत' हा शब्द नीट वाचावा.

आता 'वीस'. हा आकडा आला कुठून? मी विचारलं तर म्हणाला, साधारण तेवढे होतात. माणसाला 'साधारण' आठवडा म्हणून जो आठवतो तो बहुतेक वेळा भरलेला आठवडा असतो. सोमवार ते शनिवार रोज गेलो, पोरं होती, काम झालं, असा. ज्या आठवड्यात दोन दिवस पाऊस आणि एक दिवस सण होता, तो आठवडा आठवणीत 'वेगळा' म्हणून बाजूला पडतो. पण असे वेगळे आठवडे दर महिन्याला निघतात, आणि वर्षाच्या बेरजेत तेही असतातच. म्हणून साधारण आठवडा विचारायचा नाही, वही उघडायची.

सुदैवाने तो वही ठेवतो. ४ ऑगस्ट ते २ नोव्हेंबर २०२५ असे सलग १३ आठवडे आम्ही घेतले, सोमवार ते रविवार. १३ घेण्याचं कारण असं की ५२ चा तो बरोबर चौथा हिस्सा आहे, म्हणजे एक तिमाही. आठवड्यागणिक तास असे होते:

२०, १६, २१, १२, १४, २३, १९, ७, १३, २६, १६, ०, ८

या ओळीत सगळी तिमाही दिसते. बारा आणि चौदा म्हणजे गणपती आणि महालक्ष्म्या. एकोणीसच्या आठवड्यात १७ सप्टेंबर होता, मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी. सात म्हणजे सप्टेंबर संपता संपता मराठवाड्याला झोडपून काढणारा पाऊस. गावाकडची पोरं येऊच शकली नाहीत. तेराला दसरा, शून्याला दिवाळी, आणि आठ म्हणजे गावी गेलेली पोरं हळूहळू परतत होती तो आठवडा. बेरीज १९५ तास. भागिले १३, आठवड्याला बरोबर १५.

वीस नाही, पंधरा. पंधरा गुणिले १५० म्हणजे २,२५०. त्याला ५२ ने गुणून १२ ने भागलं की महिन्याला ९,७५०. त्याने सांगितलेल्या बारा हजारांपेक्षा सव्वादोन हजार कमी.

इथे एक खोड मोबाइलच्या शीटमध्ये असते, ती सांगितलीच पाहिजे. भाच्याने हेच तास शीटमध्ये आधीच भरले होते आणि त्याची सरासरी १६.२५ येत होती. आकडे तेच, उत्तर वेगळं. कारण दिवाळीच्या आठवड्याचा रकाना त्याने कोरा सोडला होता. कामच नव्हतं तर लिहायचं काय, असं त्याला वाटलं. `AVERAGE` हे सूत्र कोरा रकाना मोजतच नाही, पण त्यात शून्य लिहिलं असेल तर मोजतं. कोरा सोडला की १९५ ला १३ ऐवजी १२ ने भागलं जातं. सव्वा तास कुठेही न कमावता वाढतो, आणि वर्षाला तो पावणेदहा हजारांचा होतो. कोरा रकाना म्हणजे 'माहीत नाही' आणि शून्य म्हणजे 'काम नव्हतं'. दिवाळीत काय झालं ते आपल्याला माहीत आहे, म्हणून तिथे शून्यच लिहायचं. सरळ मार्ग म्हणजे सरासरीचं सूत्र वापरायचंच नाही, बेरीज करायची आणि कॅलेंडरवरच्या आठवड्यांनी भागायचं:

```
=SUM(D2:D14)/13
```

दुसरी खोड मिनिटांची. चार वाजता बसला आणि सात चाळीसला उठला तर ३ तास ४० मिनिटं. हे वहीत ३.४० लिहिलं आणि कॅल्क्युलेटरवर तसंच दाबलं, की घात. तासात साठ मिनिटं असतात, शंभर नाही. चाळीस मिनिटं म्हणजे तासाचा दोन तृतीयांश, म्हणून ते ३.६७ लिहायला हवं. पाच दिवस असं काम केलं तर खरे तास १८ आणि २० मिनिटं होतात. ३.४० धरून पाचदा बेरीज केली तर १७. एका आठवड्यात सव्वा तासाहून जास्त गेला, दीडशेच्या दराने बरोबर २०० रुपये. हे नुकसान कधीच डोळ्यात भरत नाही, कारण १७ हा आकडा दिसायला अगदी ठीक दिसतो. ओळखायची खूण अशी: महिन्याच्या नोंदींत दशांशानंतर फक्त १५, २०, ३०, ४०, ४५ असेच आकडे दिसत असतील आणि साठच्या वर एकही नसेल, तर कोणीतरी मिनिटं जशीच्या तशी लिहिली आहेत. शीटमध्ये येण्याची आणि जाण्याची वेळ वेगवेगळ्या रकान्यांत टाकली तर हे सूत्र थेट तास काढतं:

```
=(C2-B2)*24
```

२४ ने गुणायचं, कारण शीट वेळ दिवसाच्या हिश्शात मोजते. आणि उत्तराचा रकाना वेळेचा न ठेवता साध्या संख्येचा ठेवायचा.

तास म्हणजे नेमकं काय, हेही एकदा मालकाला विचारून घ्यावं. मधला चहाचा वेळ धरतात का? पोरगं नाही आलं आणि नुसतं बसून राहिलो तर? कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्यांना हे चांगलं ठाऊक आहे. जिथे तासिका ४८ मिनिटांची असते आणि पैसे घड्याळी तासाचे मिळतात, तिथे दहा तासिका घेतल्या तरी तास आठच भरतात. भाच्याच्या क्लासात बसलेला सगळा वेळ धरतात, त्यामुळे आमचं काम सोपं झालं.

तर ९,७५० महिना. त्याला बाराने गुणून १,१७,००० वर्षाचे, लिहून टाकू? इथे मी थांबवलं. एवढ्यावर ज्यांचा हिशेब संपतो त्यांचा वर्षाचा आकडा बहुतेक चुकतो.

त्याच १३ आठवड्यांचे दोन तुकडे करून बघा. पहिल्या सहा आठवड्यांत १०६ तास आहेत, म्हणजे आठवड्याला १७.७. शेवटच्या सात आठवड्यांत ८९, म्हणजे १२.७. हाच पोरगा सप्टेंबरच्या मध्यावर अर्ज घेऊन आला असता तर आम्ही महिन्याला साडेअकरा हजार काढले असते, आणि फक्त नंतरचे आठवडे धरले असते तर सव्वाआठ हजार. दर तोच, क्लास तोच, फरक फक्त कोणता तुकडा हाती आला याचा. ही परीक्षा कोणालाही घरी करता येते: आपल्या नोंदी मधोमध तोडा आणि दोन्ही बाजूंची सरासरी काढा. दोन्ही जवळजवळ सारख्या आल्या तर आकडा बऱ्यापैकी टिकाऊ आहे. असा पाच तासांचा फरक पडला तर समजायचं, की एकाच सरासरीने सगळं वर्ष मोजता येणार नाही.

आणि या कामात ते मोजता येणारच नाही, कारण लातूरच्या क्लासचं वर्ष कॅलेंडरवर चालत नाही, नीटवर चालतं. २०२५ ची नीट ४ मे रोजी झाली. परीक्षा झाली की दुसऱ्या दिवशी काउंटर ओस पडतं. नवीन बॅच जूनच्या शेवटी धड सुरू होते. उलट फेब्रुवारीपासून उजळणी सुरू होते, टेस्ट सीरिज लागते आणि प्रत्येक पेपरनंतर पोरं रांगेत उभी असतात. आम्ही घेतलेली तिमाही यातल्या कशातच बसत नाही, ती सणांची तिमाही आहे. गणपतीपासून दिवाळीपर्यंतचं सगळं तिच्यातच आलं, म्हणून ती इतर दिवसांपेक्षा हलकी.

म्हणून वर्षाचे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकड्याचे तास वेगळे धरायचे आणि मग बेरीज करायची. त्याच्याकडे मागच्या वर्षीची वहीही होती, त्यामुळे अंदाजाला आधार मिळाला. सणांचे १३ आठवडे, आठवड्याला १५ तास, म्हणजे १९५. जूनचा शेवट ते ऑगस्टची सुरुवात आणि दिवाळीनंतर जानेवारीअखेरपर्यंत असे साधे १९ आठवडे, वहीप्रमाणे १८ तास, म्हणजे ३४२. फेब्रुवारीपासून नीटपर्यंत गर्दीचे १३ आठवडे, २४ तास, म्हणजे ३१२. आणि नीट झाल्यावरचे ७ आठवडे भाकड, तास शून्य. १३, १९, १३ आणि ७ मिळून ५२ झाले पाहिजेत, आणि होतात. ही बेरीज न चुकता करायची. तुकडे पाडताना एखादा आठवडा दोनदा येतो किंवा गळून जातो, आणि ते फक्त इथेच पकडता येतं.

सगळे तास ८४९. गुणिले १५०, वर्षाचे १,२७,३५०. बाराने भागले तर महिन्याला १०,६१२ रुपये ५० पैसे.

हे पन्नास पैसे अर्जावर कोणी लिहू नयेत. तास अंदाजाने धरायचे आणि उत्तर पैशापर्यंत द्यायचं, हे शोभत नाही. शिवाय वाचणाऱ्याला उगाच वाटतं की आकडा पक्का आहे. वर्षाचे साधारण १,२७,००० आणि महिन्याचे साधारण १०,६००, एवढं पुरे. वर्षाचा आकडा आधी काढायचा आणि महिन्याचा त्यातून, हा क्रमही लक्षात ठेवण्यासारखा आहे. पगारदार माणूस महिन्याला बाराने गुणतो. ज्याचे आठवडे विस्कळीत आहेत त्याने वर्षाला बाराने भागावं, कारण त्याच्यासाठी महिना ही ठरलेली गोष्टच नाही.

कर्जवाल्याला हा अंदाज चालतो. तहसीलच्या उत्पन्नाच्या दाखल्याला किंवा आयकराच्या विवरणपत्राला मात्र अंदाज लिहायचा नसतो. तिथे एप्रिल ते मार्च या आर्थिक वर्षात प्रत्यक्ष मिळालेली रक्कम लागते, आणि ती बँकेच्या पासबुकातून उतरवताना मधे काही कापलं गेलं असेल तर तेही त्यात मिळवायचं असतं.

आता १०,६०० हा आकडा हातात आला म्हणून दर महिन्याला तेवढे हातात येतील असं नाही. खरं तर कोणत्याच महिन्यात नेमके तेवढे येत नाहीत. त्याची गेल्या हंगामाची वही महिन्यांत मांडली तर ऑगस्टचे ७५ तास होतात, ११,२५० रुपये. सप्टेंबरचे ६६, म्हणजे ९,९००. ऑक्टोबरचे ५८, म्हणजे ८,७००. एप्रिलमध्ये पंधरा हजारांच्या वर जातात, मे महिन्यात पहिले तीन दिवस सोडले तर काहीच नाही. सरासरी वर्षाचा अंदाज घ्यायला चांगली, पण तिच्यावर किराणा भरता येत नाही.

कपातीच्या बाबतीतही हे चढउतार महत्त्वाचे ठरतात. क्लासने त्याला पगारी माणूस म्हणून दाखवलं तर व्यवसाय कर कापला जातो. महाराष्ट्रात पुरुषाला महिन्याच्या ७,५०० रुपयांपर्यंत तो लागत नाही, त्यावर १०,००० पर्यंत १७५ रुपये, आणि दहा हजारांच्या वर गेलं की २०० रुपये, फक्त फेब्रुवारीत ३००. हा कर वर्षाच्या सरासरीवर लागत नाही, त्या त्या महिन्याच्या पगारावर लागतो. १०,६०० ची सरासरी धरून मोजला तर वर्षाचा २,५०० येतो. महिने खरे जसे आहेत तसे मांडले तर सप्टेंबर-ऑक्टोबरला १७५, मे-जूनला काही नाही, आणि वर्षाचा २,०५० भरतो. भाच्याच्या जागी भाची असती तर एक रुपयाही लागला नसता, कारण बाईला महिना २५,००० पर्यंत हा कर माफ आहे.

पुष्कळ क्लासवाले अर्धवेळवाल्याला पगारी दाखवतच नाहीत, व्यावसायिक शुल्क म्हणून पैसे देतात. मग महिन्याचा व्यवसाय कर कापत नाहीत, पण वर्षाला ५०,००० च्या वर रक्कम गेली की दहा टक्के टीडीएस कापतात. १,२७,३५० वर १२,७३५. एवढ्या उत्पन्नावर आयकर बसत नाही, त्यामुळे विवरणपत्र भरलं की ते पैसे परत येतात, पण तोवर वर्षभर ते हातात नसतात. म्हणून अर्ज भरण्याआधी एकदा बँकेत जमा झालेली रक्कम आणि वहीतली रक्कम शेजारी शेजारी ठेवून बघा. दोन्हीत दरवेळी दहा टक्क्यांचा फरक दिसला तर आपल्याला पगारी दाखवलंय की व्यावसायिक ते आपोआप कळतं. अर्जात कपातीआधीची रक्कम विचारली आहे का हातात येणारी, तेही बघून घ्यावं. भाच्याच्या अर्जात एकूण उत्पन्न विचारलं होतं, म्हणून १,२७,००० आणि १०,६०० लिहिले.

अर्ज झाला, पण हप्ता राहिला. शोरूमवाल्याने महिन्याला ३,००० चा हप्ता काढून दिला होता, ५ तारखेला खात्यातून जाणारा. १०,६०० मध्ये तीन हजार म्हणजे जमतं, असा दोघांचा सूर होता. तेव्हा मी एकच विचारलं, पगार कधी येतो?

"पुढच्या महिन्याच्या दहा तारखेला."

तासावर काम करणाऱ्यांच्या हिशेबात हे नेहमी निसटतं. काम ज्या महिन्यात झालं त्या महिन्यात पैसे येत नाहीत. एप्रिलच्या गर्दीचे पैसे १० मे रोजी येतात. त्या वेळी काउंटर बंद असतं, पण खिसा भरलेला असतो, म्हणून मे महिना काही जड जात नाही. १० जूनला फक्त मेच्या तीन दिवसांचे येतात, साधारण १,५००. १० जुलैला जूनच्या शेवटच्या आठ दिवसांचे, साधारण ३,०००. पूर्ण महिन्याचा पगार जुलैचा, तो पडतो १० ऑगस्टला. म्हणजे काम सात आठवडे बंद असतं आणि पैशांची टंचाई मात्र तीन महिने चालते, १० मे ते १० ऑगस्ट. या काळात साडेचार हजार आत येतात आणि ५ जून, ५ जुलै, ५ ऑगस्ट असे तीन हप्ते बाहेर जातात, नऊ हजारांचे.

घरीच राहतो, घरीच जेवतो, त्यामुळे त्याचा बाकी खर्च थोडा आहे. तरी पेट्रोल, पुस्तकं, परीक्षेच्या फिया चालूच असतात, म्हणून ते साडेचार हजार त्यालाच सोडायचे ठरले. हप्त्यांचे पूर्ण नऊ हजार गर्दीच्या हंगामातून यायला हवेत. फेब्रुवारी, मार्च आणि एप्रिलचे पगार १० मार्च, १० एप्रिल आणि १० मे या तारखांना पडतात, प्रत्येकी पंधरा हजारांच्या आसपास. त्या प्रत्येक पगारातून नेहमीचा हप्ता सोडून आणखी तीन हजार दुसऱ्या खात्यात टाकायचे, आणि ज्या खात्यातून हप्ता जातो त्यात ते ४ जूनच्या आधी परत आणायचे नाहीत.